निवृत्तीपूर्व रजा घ्यावी की रजेचे पैसे? डाक कर्मचाऱ्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज, तासगाव, जत, विटा या भागातल्या डाकघरांतून निवृत्तीला वर्ष-दीड वर्ष उरलेले कर्मचारी जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे इथे एकत्र लिहिली आहेत. आधार केंद्रीय नागरी सेवा (रजा) नियम, १९७२ हा आहे. खात्यातले नियमित कर्मचारी, म्हणजे पोस्टमन, पोस्टल असिस्टंट, सब-पोस्टमास्तर, एमटीएस, या नियमांखाली येतात. ग्रामीण डाक सेवकांचे नियम वेगळे आहेत. त्यांनी इथले हिशेब स्वतःला लावू नयेत.

निवृत्तीपूर्व रजा म्हणजे नेमकी कोणती रजा?

तिचे वेगळे खाते नसते. तुमच्या खात्यावरची अर्जित रजा (आपण ईएल म्हणतो ती) आणि अर्धवेतनी रजा (एचपीएल) निवृत्तीच्या दिवसाला अशा चिकटवायच्या की रजा संपते त्याच दिवशी नोकरीही संपते. नियमाची अट एवढीच आहे की रजेत निवृत्तीची तारीख आली पाहिजे. ३१ ऑक्टोबरला निवृत्त होणाऱ्याने २५ ऑक्टोबरपर्यंत रजा घेतली आणि पुढचे दिवस हजर राहिला, तर ती साधी रजा झाली.

एरवी एका वेळी १८० दिवसांपर्यंतच ईएल मंजूर होते. निवृत्तीपूर्व रजेत ही मर्यादा ३०० दिवसांपर्यंत जाते आणि वर शिल्लक एचपीएलही जोडता येते. असाधारण, म्हणजे बिनपगारी रजा त्यात घालता येत नाही. किरकोळ रजाही जोडता येत नाही, कारण ती इतर कोणत्याच रजेला जोडून मिळत नाही.

आणि रोखीकरण?

निवृत्तीच्या दिवशी खात्यावर जी रजा शिल्लक असेल तिचे पैसे एकरकमी मिळतात. मर्यादा ईएल आणि एचपीएल मिळून ३०० दिवस. आधी ईएल मोजतात. ती ३०० पेक्षा कमी पडली तरच उरलेली जागा एचपीएलने भरतात, आणि एचपीएलच्या दिवसाचा दर निम्मा असतो. दोन एचपीएलची एक ईएल करून ती जागा भरता येत नाही. नियमात तसे स्पष्ट म्हटले आहे, तरी हा प्रश्न दर वर्षी कुणी ना कुणी विचारतोच.

ईएलच्या एका दिवसाचा दर म्हणजे निवृत्तीच्या दिवशीचे मूळ वेतन आणि त्यावरचा महागाई भत्ता यांची बेरीज भागिले ३०. घरभाडे भत्ता आणि वाहतूक भत्ता त्यात धरत नाहीत.

दोन्हींसाठी अर्ज करावा लागतो का?

इथे मोठा फरक आहे आणि बहुतेकांना तो माहीत नसतो. निवृत्तीपूर्व रजा तुम्ही मागितली तरच मिळते. रजेच्या फॉर्म १ मध्ये अर्ज करायचा, रजेचा प्रकार आणि तारखा स्वतः लिहायच्या, आणि मंजुरी येईपर्यंत हजर राहायचे. रोखीकरणाचा आदेश मात्र रजा मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याने आपणहून काढायचा असतो, अर्जाची अट नाही. रोखीकरणाचा अर्ज द्यायचा राहिला म्हणून पैसे बुडाले, असे होऊ शकत नाही. कुणी कार्यालयात तसे सांगितले तर नम्रपणे नियम ३९ कडे बोट दाखवा.

तरीही एक साधे पत्र देऊन ठेवलेले बरे, असे माझे मत आहे. त्यात पैसे मागू नका. खात्यावरची शिल्लक कळवावी एवढीच विनंती करा. आदेश शिल्लकेवरून निघतो आणि चुका शिल्लकेतच असतात.

रजेवर पूर्ण पगार मिळतो आणि नंतर पैसेही मिळतात. मग रजा घेतल्याने नुकसान कसले?

या पानावर एकच गोष्ट वाचणार असाल तर ही वाचा.

ईएल घेऊन घरी बसलात तर त्या दिवसाचा पूर्ण पगार मिळतो हे खरे. पण हजर राहिला असता तरी तोच पगार मिळाला असता, आणि ती ईएल खात्यावर राहून निवृत्तीच्या दिवशी तिचे पैसे वेगळे मिळाले असते. म्हणजे ३०० च्या आतली ईएल निवृत्तीपूर्व रजेत घातली की प्रत्येक दिवसामागे एका दिवसाचे मूळ वेतन आणि महागाई भत्ता एवढी रक्कम जाते. पगारपत्रकात काही कमी दिसत नाही. ते नुकसान शेवटच्या आदेशात दिसते, आणि तोवर ते भरून काढायला एकही दिवस हातात उरलेला नसतो.

त्यात कराचा भागही आहे. निवृत्तीच्या वेळी मिळणारे रजेचे पैसे सरकारी कर्मचाऱ्याला पूर्ण करमुक्त आहेत. निवृत्तीपूर्व रजेतला पगार मात्र नेहमीच्या पगारासारखाच करपात्र असतो.

एखादे उदाहरण आकड्यांसह सांगाल का?

तासगावकडच्या एक पोस्टल असिस्टंट ताई ३१ ऑक्टोबरला निवृत्त होणार आहेत असे समजू. घरची द्राक्षबाग आहे, ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत घरी राहायचे आहे, म्हणून १ सप्टेंबरपासून रजा हवी आहे. सप्टेंबरचे ३० आणि ऑक्टोबरचे ३१ असे ६१ दिवस. मूळ वेतन ६०,४०० रुपये. महागाई भत्ता हिशेबाच्या सोयीसाठी ५० टक्के धरू, म्हणजे ३०,२००. दोन्ही मिळून ९०,६००, आणि दिवसाचा दर ३,०२० रुपये. ३० जूनला खात्यावर ईएल पूर्ण ३०० दिवस आणि एचपीएल १८० दिवस आहे.

आता १ जुलैची जमा पाहू. एरवी १ जानेवारी आणि १ जुलैला १५-१५ दिवस ईएल आगाऊ जमा होते. निवृत्तीच्या सहामाहीत मात्र पूर्ण झालेल्या प्रत्येक महिन्याला अडीच दिवस एवढीच मिळते. जुलै ते ऑक्टोबर चार महिने, म्हणजे १० दिवस. खात्यावर आधीच ३०० असल्याने हे १० दिवस वेगळे मांडून ठेवतात. त्या सहामाहीत ईएल घेतली तर आधी या दहांतून वजा होते. घेतली नाही तर निवृत्तीच्या दिवशी ते दहा दिवस वाया जातात, कारण ३०० च्या वर रोखीकरण नाही.

ताईंपुढे चार वाटा आहेत.

पहिली, शेवटपर्यंत हजर राहायचे. दोन्ही महिन्यांचा पूर्ण पगार, आणि रोखीकरण ३०० गुणिले ३,०२०, म्हणजे ९,०६,००० रुपये. वेगळे ठेवलेले १० दिवस बुडतील.

दुसरी, ६१ दिवस सगळी ईएल घ्यायची. पगार पूर्ण. ६१ पैकी १० दिवस वेगळ्या जमेतून जातील, ५१ दिवस तीनशेतून. शिल्लक २४९ दिवसांचे ७,५१,९८० रुपये. पहिल्या वाटेपेक्षा १,५४,०२० रुपयांनी कमी.

तिसरी, ६१ दिवस एचपीएल. दोन महिने अर्धा पगार आणि त्या अर्ध्यावर महागाई भत्ता, म्हणजे महिन्याला ४५,३०० रुपये. पगारात एकूण ९०,६०० रुपये कमी, पण ईएल ३०० शाबूत आणि रोखीकरण पूर्ण.

चौथी, १ सप्टेंबर ते २१ ऑक्टोबर ५१ दिवस एचपीएल, आणि २२ ते ३१ ऑक्टोबर १० दिवस ईएल. हे शेवटचे १० दिवस वेगळ्या जमेतले असल्याने तीनशेला हात लागत नाही. पगारात सप्टेंबरचे ४५,३०० आणि ऑक्टोबरच्या २१ दिवसांचे सुमारे ३०,७०० रुपये कमी होतील. एकूण सुमारे ७६,००० रुपये.

घरी राहण्याचे दिवस तेवढेच, ६१. दुसऱ्या वाटेने दीड लाखाच्या वर जातात, चौथीने त्याच्या निम्मे. शिवाय चौथ्या वाटेत कमी होणारा पैसा करपात्र पगारातला आहे, तर दुसऱ्या वाटेत करमुक्त रकमेतून जातो. या हिशेबात घरभाडे आणि वाहतूक भत्ता धरलेले नाहीत. पूर्ण कॅलेंडर महिना रजेवर असलात तर वाहतूक भत्ता कोणत्याच वाटेने मिळत नाही.

माझा अनुभव असा आहे की लोक सवयीने दुसरी वाट धरतात. ईएल म्हणजे चांगली रजा आणि हाफ पे म्हणजे आजारपणाची रजा, हे नोकरीभर डोक्यात बसलेले असते. एचपीएल वैयक्तिक कामासाठीही मिळते, तिला वैद्यकीय दाखल्याची अट नाही. ईएल ३०० असेल तर एचपीएलचा एक रुपयाही निवृत्तीच्या दिवशी मिळणार नसतो. मग ती खात्यावर पडून राहू द्यायची आणि ज्या रजेचे पैसे होणार ती खर्चायची, हे कशासाठी?

अर्धवेतनी रजेवर असताना निवृत्त झालो तर पेन्शन अर्ध्या पगारावर बसेल का?

नाही. या एका भीतीपोटी अनेकांनी एचपीएल टाळून ईएल खर्च केली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. रजा वेतन मिळणाऱ्या रजेवर असताना कर्मचारी निवृत्त झाला, तर तो कामावर हजर असता तर जे वेतन मिळाले असते तेच पेन्शन आणि ग्रॅच्युइटीसाठी धरतात. वरच्या उदाहरणात ताईंची पेन्शन ६०,४०० या मूळ वेतनावरच काढली जाईल, हातात त्याच्या निम्मे पडत असले तरी. रोखीकरणाच्या ईएलचा दरही पूर्ण वेतनावरच लागतो.

बिनपगारी रजेचा प्रकार वेगळा आहे. निवृत्तीपूर्व रजेत ती बसत नाहीच, पण शेवटच्या वर्षात शक्यतो तिच्या वाटेलाही जाऊ नये.

माझी ईएल तीनशेपेक्षा बरीच कमी आहे. मला हाच हिशेब लागू होतो का?

जसाच्या तसा नाही. समजा निवृत्तीच्या दिवशी ईएल १९० आणि एचपीएल २२० असेल, पगार वरच्याच उदाहरणाचा. १९० दिवसांचे ५,७३,८०० आणि जागा भरायला ११० दिवस एचपीएल निम्म्या दराने, म्हणजे १,५१० प्रमाणे १,६६,१००. एकूण ७,३९,९०० रुपये.

यातून ६० दिवस ईएल निवृत्तीपूर्व रजेत घातली तर ईएल उरते १३०, पण रिकामी झालेली जागा एचपीएल भरते आणि तिचे १७० दिवस मोजले जातात. एकूण ६,४९,३००, म्हणजे ९०,६०० रुपये कमी. त्याऐवजी ६० दिवस एचपीएल घेतली तर रोखीकरणाला धक्का लागत नाही, कारण जागा भरायला लागणाऱ्या ११० पेक्षा जास्त एचपीएल उरते. पण पगार निम्मा होऊन साधारण तेवढीच रक्कम जाते. दोन्ही वाटा जवळपास सारख्या. करामुळे एचपीएल किंचित बरी, तर दरमहा पूर्ण पगार हातात लागणार असेल, मुलीचे लग्न किंवा घराचा हप्ता असेल, तर ईएल सोयीची. इथे मी कुणाला एकच सल्ला देत नाही.

एचपीएलही फारशी नसेल, समजा ईएल १९० आणि एचपीएल फक्त ४०, तर घेतलेला प्रत्येक ईएलचा दिवस पूर्ण दराने जातो आणि एचपीएलचा दिवस पगारातही अर्धा कापतो, रोखीकरणातही अर्धा. अशा खात्यावर निवृत्तीपूर्व रजा महागच पडते. खरी गरज असेल तर घ्या, हौसेने घेऊ नका.

अर्ज कधी आणि कुणाकडे करायचा?

तुमच्या डाकघराच्या पोस्टमास्तरांमार्फत विभागीय कार्यालयाकडे, म्हणजे रजा मंजूर करण्याचा अधिकार ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे. मी लोकांना रजा सुरू होण्याच्या निदान तीन महिने आधी अर्ज द्यायला सांगतो. सब-ऑफिसमध्ये एकटा किंवा दोघेच असतात, बदली माणूस मिळाल्याशिवाय मंजुरी निघत नाही, आणि रजेवर जाण्याआधी रोकड, तिकिटे, बचत खात्यांची कागदपत्रे, शिक्के, चाव्या असा सगळा चार्ज द्यायचा असतो. चार्ज देताना काही कमी निघाले तर ते मिटवायला तुम्ही तिथे असले पाहिजे.

अर्जाच्या क्रमाबद्दल एक सूचना. आधी रजेच्या खात्याची प्रत मागा, ती सर्व्हिस बुकाशी ताडा, मग तारखा ठरवा आणि मगच अर्ज लिहा. अर्जात प्रकार मोघम ठेवू नका. ‘निवृत्तीपूर्व रजा ६१ दिवस’ एवढेच लिहिलेत तर कार्यालय सरळ ईएल लावून मोकळे होईल. ‘१ सप्टेंबर ते २१ ऑक्टोबर अर्धवेतनी रजा ५१ दिवस आणि त्यास जोडून २२ ऑक्टोबर ते ३१ ऑक्टोबर, निवृत्तीच्या दिनांकासह, अर्जित रजा १० दिवस’ असे लिहा. तुम्ही मागितलेल्या रजेचा प्रकार तुमच्या लेखी विनंतीशिवाय अधिकाऱ्याला बदलता येत नाही, हे नियम ७ मध्येच आहे. एचपीएल मागितली असताना ईएल लावली गेली तर लेखी हरकत घ्यायला ही एक ओळ पुरते.

निवृत्तीची तारीख ठरवतानाही नीट पाहा. साठ वर्षे ज्या महिन्यात पूर्ण होतात त्या महिन्याचा शेवटचा दिवस ही ती तारीख. जन्म महिन्याच्या १ तारखेचा असेल तर आधीच्या महिन्याचा शेवटचा दिवस.

रजा नाकारली तर?

रजा हक्काने मागता येत नाही. कामाची गरज दाखवून नाकारता येते, तो अधिकार त्यांचा आहे. पूर्वी अशी नाकारलेली रजा निवृत्तीनंतर मिळत असे, आता निवृत्तीच्या तारखेपलीकडे कोणतीही रजा जात नाही. ईएल नाकारली गेली तर ती खात्यावर राहते आणि ३०० च्या मर्यादेत तिचे पैसे होतात, म्हणजे पैशाचे नुकसान नाही. एचपीएल नाकारली आणि ईएल ३०० असेल, तर ती रजा कायमची गेली. म्हणून एचपीएल मागणाऱ्याने अर्ज लवकर करावा आणि एका तारखेला अडून बसू नये. दोन महिने जमत नसतील तर शेवटचा एक महिना मागावा. सणाच्या किंवा मार्चअखेरच्या गर्दीत पडणाऱ्या तारखांपेक्षा तो मिळण्याची शक्यता जास्त असते.

रजेवर गेल्यानंतर विचार बदलला तर परत हजर होता येते का?

साध्या रजेवरून लवकर परतायचे तर रजा मंजूर करणाऱ्याची परवानगी पुरते. निवृत्तीपूर्व रजेचे तसे नाही. तिच्यावरून कामावर परतायला ज्या पदावरून रजेवर गेलात त्या पदावर नेमणूक करण्याचा अधिकार असलेल्या अधिकाऱ्याची संमती लागते. खात्यालाच तुमची गरज पडली आणि तुम्ही तयार झालात, तर उरलेली रजा रद्द होते आणि रद्द झालेल्या दिवसांचे रोखीकरण होऊ शकते. पण त्या भरवशावर लांब रजा घेऊ नये.

शेवटच्या दिवशी हजेरीवर सही करायची आहे, निरोप समारंभही आहे.

समारंभाला रजेवर असतानाही येता येते, त्याला हजेरी लागत नाही. शेवटच्या दिवशी सही करायचीच असेल तर रजा आदल्या दिवशी संपली पाहिजे, आणि मग ती निवृत्तीपूर्व रजा राहत नाही. साधी ईएल किंवा एचपीएल म्हणून अर्ज करा. रक्कम तशीच राहते. १८० दिवसांच्या आतल्या रजेला त्याने काही अडत नाही, आणि परतण्याच्या संमतीचा प्रश्नही येत नाही. तेहतीस-चौतीस वर्षे ज्या खुर्चीवर काढली तिथून शेवटचा निरोप घ्यावासा वाटणे मला समजते. तसे वाटत असेल तर हाच मार्ग घ्या.

वेतनवाढ रजेत आली तर?

वेतनवाढीची तारीख १ जानेवारी किंवा १ जुलै. त्या दिवशी रजेवर असाल तर वाढीचे पैसे हजर झाल्या दिवसापासून सुरू होतात. निवृत्तीपूर्व रजेवरचा माणूस हजर होतच नाही, म्हणून ती वाढ पगारात पडत नाही. ईएलमध्ये आलेली अशी वाढ पेन्शनसाठी धरण्याची तरतूद आहे, आणि ईएल १२० दिवसांहून लांब असेल तर ती वाढ पहिल्या १२० दिवसांत पडलेली असावी लागते. एचपीएलसाठी हे गृहीत धरून चालू नका. ऑगस्ट किंवा सप्टेंबरअखेर निवृत्त होणाऱ्यांना माझा आग्रह असतो की जूनमध्ये रजा सुरू करू नका. १ जुलैला हजर राहा, वाढ लावून घ्या, मग रजेवर जा. तो एक दिवस फार किमतीचा आहे.

रजेच्या खात्यात चुका कशा ओळखायच्या?

सर्व्हिस बुकाला जोडलेला रजेच्या खात्याचा तक्ता घेऊन बसा आणि दर सहामाहीची जमा व वजा ओळीने पाहा. बदल्या झालेल्या लोकांच्या खात्यात चूक बहुधा बदलीच्या वर्षी सापडते. कराडहून किंवा कोल्हापूरहून सांगलीला येताना शिल्लक पुढे ओढताना आकडा चुकतो, किंवा न वापरलेला हजर होण्याचा अवधी ईएलमध्ये जमा व्हायचा राहतो. दुसरी जागा म्हणजे बिनपगारी रजा. ती घेतली असेल तर पुढच्या सहामाहीच्या ईएलमधून तिचा दहावा भाग कमी व्हायला हवा. हे कमी करायचे राहून गेलेले असते, आणि निवृत्तीच्या वेळी लेखापरीक्षण ते शोधून काढते. मग तुम्ही ज्याला ३०० समजत होता ते २९१ निघतात. निवृत्तीपूर्व रजा आधीच मंजूर होऊन भोगून झाली असेल, तर जास्त गेलेले दिवस मिळणाऱ्या रकमेतून वळते होतात.

तिसरे, प्रवास सवलतीबरोबर घेतलेले रोखीकरण. प्रत्येक वेळी १० आणि नोकरीभरात ६० दिवसांपर्यंत ते मिळते. हे दिवस त्या त्या वेळी खात्यातून वजा होतात, पण निवृत्तीच्या ३०० च्या मर्यादेतून पुन्हा वजा करायचे नसतात. ‘तुम्ही आधी ६० घेतले, आता २४०च मिळतील’ असे कुणी म्हटले तर ते चूक आहे. खात्यावर ३०० उभे असतील तर ३०० चे पैसे मिळतात.

चूक आपल्या फायद्याची असली तरी ती आधीच दाखवून दुरुस्त करून घ्या. निवृत्तीनंतर वसुलीचे पत्र घरी येण्यापेक्षा ते केव्हाही चांगले.

चौकशी चालू आहे. रजेचे पैसे अडकतील का?

निलंबित असताना निवृत्त झालात किंवा खात्याची वा फौजदारी कारवाई प्रलंबित असेल, आणि त्यातून तुमच्याकडून रक्कम वसूल होण्याची शक्यता अधिकाऱ्याला वाटली, तर रोखीकरणाचे पैसे पूर्ण किंवा काही अंशी रोखून ठेवता येतात. कारवाई संपल्यावर वसुली वजा करून उरलेले मिळतात. कारवाई नुसती चालू असणे पुरेसे नाही, पैशाची वसुली निघण्याची शक्यता हे कारण हवे. त्यामुळे रोखल्यास कारण लेखी मागा.

निवृत्तीपूर्व रजेत दुसरी नोकरी धरता येते का?

परवानगीशिवाय नाही. रजेवर असलात तरी निवृत्तीच्या तारखेपर्यंत तुम्ही सरकारी सेवेतच असता आणि वर्तणूक नियम लागू असतात. पतसंस्थेत किंवा दुकानात ‘उद्यापासून या’ असे बोलावणे आले तरी नेमणूक निवृत्तीनंतरच्या तारखेची घ्या.

रजेच्या काळात माणूस गेला तर?

मृत्यूच्या दिवशी खात्यावर शिल्लक असलेल्या रजेचे पैसे ३०० दिवसांच्या मर्यादेत कुटुंबाला मिळतात. मंजूर असूनही भोगून न झालेले पुढचे दिवस खर्ची पडलेले धरत नाहीत. रजा मंजुरीच्या आदेशाची प्रत घरच्यांना माहीत असलेल्या जागी ठेवा.

मी जिल्हा परिषदेत आहे. भाऊ मिरजेला रेल्वेत आहे. आम्हाला हेच नियम का?

तुम्हाला महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ पाहावे लागतील आणि भावाला रेल्वेचे स्वतःचे रजा नियम. ईएलच्या ३०० दिवसांची कल्पना तिन्हीकडे ओळखीची आहे, आणि ३०० च्या आतली अर्जित रजा शेवटी घरी बसून घालवली तर तिचे पैसे जातात हे तर सगळीकडेच खरे. पण अर्धवेतनी रजेने जागा भरण्याचा वरचा हिशेब केंद्राच्या नियमांवर केलेला आहे. तो आपल्या खात्याला लावण्यापूर्वी आपल्या आस्थापना शाखेकडून नियमाचे कलम दाखवून घ्या आणि मगच अर्जात रजेचा प्रकार लिहा.